ओट्सचे पाकीट उलटे करून वाचताना

सुट्टीत पुण्याला गेल्यावर हाती आलेले म्यूस्लीचे पाकीट आणि मेलबर्नच्या सुपरमार्केटमधले पाकीट यांच्या पोषण तक्त्यांत एक फरक पटकन नजरेत भरतो. भारतातल्या पाकिटावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर अशा दोन ओळी असतात. एफएसएसएआयच्या 2020 च्या लेबल नियमांनी त्या दोन्ही सक्तीच्या केल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या तक्त्यात मात्र ‘शुगर्स’ अशी एकच ओळ असते. बेदाण्यांतली साखर, मधातली साखर, दुधाच्या पावडरीतली साखर आणि कारखान्यात घातलेली पिठीसाखर, सगळ्यांची बेरीज त्या एकाच आकड्यात असते.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी घरांत न्याहारीच्या पाकिटांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांतले बरेचसे या एका ओळीपाशीच सुरू होतात. ‘शुगर्स 21 ग्रॅम’ म्हणजे एवढी साखर घातली आहे का? ट्रॅडिशनल आणि क्विक ओट्सच्या पाकिटांवर घटक तर सारखेच लिहिलेले आहेत, मग फरक कशात आहे? आणि फायबरची ओळ काही पाकिटांवर असते, काहींवर नसते, ती का?

या प्रश्नांची उत्तरे पाकिटावरच असतात, पण एका जागी नसतात. ती शोधण्यासाठी पुढची बाजू सोडून पाकीट उलटे करायचे आणि तक्ता व घटकांची यादी एकमेकांशी पडताळून पाहायची.

आधी कोणता रकाना पाहायचा

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसाठी लेबलचे नियम एफएसएएनझेड ही संस्था ठरवते. त्यानुसार पाकीटबंद पदार्थाच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, एकूण व संपृक्त चरबी, कार्बोहायड्रेट, शुगर्स आणि सोडियम या ओळी असायलाच हव्यात. प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, एक ‘पर सर्व्ह’चा आणि दुसरा 100 ग्रॅमचा.

दोन पाकिटांची तुलना करताना तुम्ही फक्त 100 ग्रॅमचा रकाना पाहा. ‘एक सर्व्ह’ म्हणजे किती, हे उत्पादक स्वतः ठरवतो. कोणी 30 ग्रॅम धरतो, कोणी 45, कोणी 60. त्यामुळे पर सर्व्हचा आकडा कमी दिसला, तर कदाचित सर्व्हच लहान धरलेली असते.

पर सर्व्हचा रकाना निरुपयोगी नाही, पण तो वापरण्याआधी घरातली वाटी एकदा तोलून घ्यावी लागते. रोजच्या वाडग्यात नेहमीप्रमाणे म्यूस्ली घ्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. टोस्टेड म्यूस्ली जड असते, त्यामुळे साधा भरलेला वाडगा सहज 80 ते 90 ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे पाकिटावरच्या 45 ग्रॅमच्या दोन सर्व्ह एका बैठकीत संपतात आणि साखरही दुप्पट पोटात जाते.

काही न्याहारीच्या पाकिटांवर तिसराही रकाना असतो, ‘अर्धा कप स्किम मिल्कसह’. तो तुलनेसाठी वापरू नका. अर्धा कप म्हणजे 125 मिलिलिटर दुधात सुमारे 6 ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असते आणि प्रथिनेही चार-साडेचार ग्रॅम वाढतात. दुधासह दाखवलेली प्रथिने पाहून ओट्स प्रथिनांनी भरलेले आहेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने, म्हणजे एसीसीसीने, अंकल टोबीज ओट्सवरील प्रथिनांच्या दाव्यांवरून उत्पादक सिरियल पार्टनर्स ऑस्ट्रेलिया या कंपनीला तीन दंडाच्या नोटिसा दिल्या होत्या. दाव्यातला प्रथिनांचा भर ओट्स स्किम दुधाबरोबर खाल्ले तरच खरा ठरत होता, हा आयोगाचा मुख्य आक्षेप होता. कंपनीने एकूण 32,400 डॉलर भरले. अशा नोटिशीचे पैसे भरणे म्हणजे कायदा मोडल्याची कबुली नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. पण दुधासह आणि दुधाशिवाय या दोन आकड्यांत किती अंतर असते, ते या प्रकरणाने सर्वांसमोर आणले.

रोल्ड, क्विक की इन्स्टंट?

घटकांच्या यादीवरून हे कळत नाही. ट्रॅडिशनल असो वा क्विक, साध्या ओट्सच्या पाकिटावर बहुधा ‘होलग्रेन ओट्स’ किंवा ‘रोल्ड ओट्स’ एवढेच लिहिलेले असते आणि दोन्हींच्या बाबतीत ते खरे असते. दोन्ही धान्य तेच, कोंड्यासकट, आणि दोन्ही रुळांतून चपटे केलेले. फरक आहे तो चपटे करण्याआधी दाणा कापला का, किती पातळ दाबला आणि किती वाफवला यात. जाड पोहे आणि पातळ पोहे यांच्यात जो फरक, तोच इथे आहे.

दुकानात उभे असताना ओळखायचे कसे, ते असे:

- स्टील-कट ओट्स चपटे केलेले नसतात. सोललेल्या दाण्याचे दोन-तीन तुकडे केलेले असतात. दिसायला जाड लापशीच्या रव्यासारखे, शिजायला वीस ते तीस मिनिटे.
- ट्रॅडिशनल किंवा रोल्ड ओट्स म्हणजे अख्खा दाणा वाफवून दाबलेला. पारदर्शक खिडकीतून गोलसर, जाड पाकळी दिसते आणि तिच्यावर मधली रेघ ओळखू येते. गॅसवर पाच मिनिटे किंवा थोडी जास्त लागतात.
- क्विक ओट्समध्ये दाणा आधी कापतात, मग पातळ दाबतात. पाकळ्या लहान आणि पिठूळ दिसतात. मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिटात होतात.
- इन्स्टंट ओट्स जास्त वाफवलेले, सर्वांत पातळ. नुसते उकळते पाणी ओतले तरी चालते. बहुतेक वेळा एकेका वेळच्या पुड्यांत येतात.

थोडक्यात, नाव काहीही असो, शिजवण्याच्या सूचनेतली मिनिटे वाचा. ती ओट्स कोणत्या प्रकारचे आहेत ते सांगतात. ऑस्ट्रेलियात पुड्यांच्या खोक्यावर ‘इन्स्टंट’ ऐवजी ‘क्विक’ हाच शब्द पुष्कळदा असतो, म्हणून नावावर विसंबणे धोक्याचे.

हा फरक कोणासाठी महत्त्वाचा आहे? ज्यांना मधुमेह आहे किंवा त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे, त्यांच्यासाठी तो फार महत्त्वाचा आहे. 2015 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये ओट्सच्या प्रकारांवरील अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ग्लायसेमिक इंडेक्स स्टील-कटचा 55, जाड पाकळीच्या रोल्ड ओट्सचा 53, क्विकचा 71 आणि इन्स्टंटचा 75 असा निघाला. 55 आणि त्याखालचा इंडेक्स कमी धरतात, 70 आणि त्यावरचा जास्त. म्हणजे धान्य तेच, साखर कणभरही घातलेली नाही, तरी नुसत्या दाबण्या-वाफवण्याने ते कमीच्या गटातून जास्तीच्या गटात जाते. दाणा जितका फोडला आणि मऊ केला, तितका त्यातला स्टार्च आतड्यात लवकर सुटतो.

हे सरासरी आकडे आहेत. सोबत दही, बदाम, अंडे असे काही खाल्ले की रक्तातली साखर चढण्याचा वेग कमी होतो. ज्यांना साखरेचा त्रास नाही आणि सकाळी साडेसातची ट्रेन पकडायची आहे, त्यांनी साधे क्विक ओट्स खाल्ले तर बिघडत नाही. त्यांतले फायबर ट्रॅडिशनलइतकेच असते. मात्र ओट्सचा उपमा करायचा असेल, तर चवीसाठीही ट्रॅडिशनलच घ्या. क्विकचा लगदा होतो.

पुड्यांचे प्रकरण वेगळे आहे. साध्या, बिनचवीच्या पुडीत फक्त ओट्स असतात. मध, ब्राउन शुगर, सफरचंद-दालचिनी अशा चवींच्या पुड्यांत मात्र यादीत दुसऱ्या क्रमांकावर साखर येते आणि 100 ग्रॅमला शुगर्सचा आकडा साध्या ओट्सच्या एका ग्रॅमवरून वीस ग्रॅमच्या पलीकडे जाऊ शकतो. शेल्फच्या पट्टीवर बारीक अक्षरांत 100 ग्रॅमचा भावही दिलेला असतो. मोठ्या सुपरमार्केटना तो दाखवावाच लागतो. पुड्यांचा तो भाव सुट्या ओट्सच्या भावाशी ताडून पाहा, म्हणजे साखरेसाठी किती जादा पैसे मोजतो आहोत तेही कळेल.

साखरेचा हिशेब: एक पाकीट उलगडून

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वरून घातलेली साखर वेगळी दाखवावी का, यावर ऑस्ट्रेलियात काही वर्षांपासून विचार चालू आहे, पण तक्त्यात तशी सक्तीची ओळ नाही. म्हणून अंदाज तुम्हालाच काढावा लागतो. तो काढता येतो, कारण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. शिवाय नावात किंवा चित्रात ज्याचा गाजावाजा केला आहे, त्या घटकाची टक्केवारी कंसात द्यावी लागते.

उदाहरणासाठी टोस्टेड म्यूस्लीचे एक लेबल घेऊ. ते कोणत्याही एका कंपनीचे नाही, पण अशी पाकिटे प्रत्येक दुकानात दिसतात.

*घटक: होलग्रेन ओट्स (62%), रॉ शुगर, सुलताना बेदाणे (10%), सूर्यफूल तेल, बदाम (5%), मध, खोबरे, मीठ, दालचिनी. 100 ग्रॅमला शुगर्स 21 ग्रॅम, फायबर 8 ग्रॅम. सर्व्ह 45 ग्रॅम.*

आधी फळांची साखर बाजूला काढा. बेदाणे, खजूर यांच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग साखर असते. 10 ग्रॅम बेदाण्यांत ती साडेसहा ग्रॅमच्या आसपास येते. ओट्स, बदाम आणि खोबरे यांची स्वतःची मिळून एक ग्रॅम धरा. 21 मधून साडेसात गेले, उरले साडेतेरा. ही वरून घातलेली साखर.

अंदाज बरोबर आहे का, ते क्रमावरून तपासता येते. रॉ शुगर बेदाण्यांच्या आधी लिहिलेली आहे आणि बेदाणे 10 टक्के आहेत. म्हणजे नुसती रॉ शुगरच निदान 10 टक्के असणार. वर मध आहेच. साडेतेराचा आकडा यात नीट बसतो.

आता घरचा वाडगा 90 ग्रॅमचा असेल, तर त्यात एकूण साखर 19 ग्रॅम आणि त्यातली घातलेली साखर 12 ग्रॅम. चहाचा चमचा सुमारे 4 ग्रॅमचा, म्हणजे तीन चमचे. दूध घालण्याच्या आधीचा हा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना अशी मोकळी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम. त्या पाच टक्क्यांतला जवळजवळ अर्धा वाटा न्याहारीतच संपला.

आता शेजारचे दुसरे पाकीट पाहा. बिनभाजलेली म्यूस्ली: ओट्स, सुलताना बेदाणे (18%), खजूर (10%), बदाम, भोपळ्याच्या बिया, जर्दाळू (4%). शुगर्स पुन्हा 21 ग्रॅम. बेदाण्यांचे 12, खजुराचे साडेसहा, जर्दाळूचे दीड-दोन, बाकीचे एक. सगळा आकडा सुक्या फळांतच संपला, घातलेली साखर शून्य. तक्त्यातली ओळ दोन्हीकडे तंतोतंत सारखी, पण आत काय आहे ते वेगळे.

ऑस्ट्रेलिया सरकारच्या ‘ईट फॉर हेल्थ’ मार्गदर्शनातला नियमही याच दिशेने जातो. 100 ग्रॅमला साखर 15 ग्रॅमच्या आत असलेले पाकीट निवडावे. त्याहून जास्त असेल, तर यादीत साखर किंवा तिचे दुसरे नाव वरच्या क्रमांकांवर नाही ना, हे पाहावे. मात्र मधुमेह असेल तर दुसऱ्या पाकिटालाही मोकळीक देऊ नका. खजुरातली साखरही रक्तात साखर म्हणूनच जाते. मोजताना एकूण आकडाच धरायचा.

साखर कुठे लपते

यादीत ‘शुगर’ हा शब्द एकदाच शोधून थांबू नका. ही नावेही तीच गोष्ट सांगतात:

- गोल्डन सिरप, मोलॅसिस, मेपल सिरप, अगावे सिरप, मध
- राइस माल्ट सिरप, ब्राउन राइस सिरप, बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट
- ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट शुगर
- कोकोनट शुगर, डेट सिरप, फळांच्या रसाचे कॉन्सन्ट्रेट

ग्रॅनोला आणि ‘क्लस्टर’ असलेल्या म्यूस्लीत यांपैकी दोन-तीन नावे एकत्र येतात. ओट्सचे गोळे एकमेकांना चिकटून राहण्यासाठी काहीतरी चिकट लागतेच. प्रत्येक गोड घटक थोडाथोडा असला की यादीत तो खाली दिसतो आणि ओट्स वर. अशा वेळी त्या सगळ्यांची मनात बेरीज करा.

फळांचे तुकडेही निरखून वाचा. वाळवलेल्या क्रॅनबेरी मुळात इतक्या आंबट असतात की त्या बहुधा साखर घालूनच वाळवतात. पपई आणि अननसाचे चौकोनी तुकडे पाकवलेले असतात, केळ्याचे काप तळलेले. कंसात ‘क्रॅनबेरी, साखर, सूर्यफूल तेल’ असे दिसले की कळते. पण इथे नियमातच एक फट आहे. एखादा मिश्र घटक पूर्ण पदार्थाच्या 5 टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटातले साखर-तेलासारखे घटक वेगळे लिहिणे सक्तीचे नाही. त्यामुळे 4 टक्के क्रॅनबेरींपुढे कंसच नसेल, तर त्या बिनसाखरेच्या आहेत असे धरू नका.

‘नॅचरल म्यूस्ली’ या शब्दांतला नॅचरल म्हणजे बहुधा बिनभाजलेली. साखरेबद्दल तो काहीही सांगत नाही. ‘लो शुगर’ला मात्र नेमकी अट आहे: घन पदार्थात 100 ग्रॅमला 5 ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. बेदाणे असलेली म्यूस्ली या अटीत क्वचितच बसते.

हेल्थ स्टारचेही तसेच. 2014 पासूनची ही तारे देण्याची पद्धत ऐच्छिक म्हणून सुरू झाली, त्यामुळे तारे नाहीत म्हणजे पदार्थ वाईट, असे नाही. तारे मोजताना साखर आणि सोडियमसाठी गुण कापले जातात, पण फायबर, प्रथिने आणि फळांसाठी गुण मिळतातही. म्हणून चार तारे असलेल्या म्यूस्लीतही साखर असू शकते. तारे पाहायचेच तर दोन म्यूस्लींत पाहा, म्यूस्ली आणि बिस्किटांत नको.

फायबर: ओळ असेल तेव्हा आणि नसेल तेव्हा

तक्त्यात फायबरची ओळ नेहमीच सक्तीची नसते. फायबर, साखर किंवा कार्बोहायड्रेटबद्दल पाकिटावर काही दावा केला, तरच ती द्यावी लागते. म्हणून ओळ नाही याचा अर्थ फायबर नाही, असा होत नाही. साध्या ओट्समध्ये 100 ग्रॅमला सुमारे 9 ते 10 ग्रॅम फायबर असते, हे ध्यानात ठेवले की पुरे. म्यूस्लीत ओट्स 60 टक्के आणि बाकी फळे, बिया असतील, तर 8 ग्रॅमच्या आसपासचा आकडा अपेक्षित आहे. तो 5-6 च्या खाली असेल, तर समजा की ओट्सची जागा कॉर्नफ्लेक्स, फुगवलेला तांदूळ किंवा साखरेने घेतली आहे.

फायबरच्या दाव्यांच्या पायऱ्या नियमात ठरलेल्या आहेत. एका सर्व्हमध्ये 2 ग्रॅम असेल तर ‘सोर्स’, 4 ग्रॅम असेल तर ‘गुड सोर्स’ आणि 7 ग्रॅम असेल तर ‘एक्सलंट सोर्स’ असे लिहिता येते. लक्षात घ्या, हे मोजमाप सर्व्हवर आहे. वरच्या टोस्टेड म्यूस्लीत 45 ग्रॅमच्या सर्व्हला फायबर 3.6 ग्रॅम, म्हणजे ती ‘गुड सोर्स’ नाही. तीच म्यूस्ली 50 ग्रॅमची सर्व्ह धरून विकली, तर 4 ग्रॅम होते आणि बिरुद बदलते. खाणाऱ्याच्या वाडग्यात काहीच बदललेले नसते. म्हणून इथेही 100 ग्रॅमचा रकानाच खरा.

ऑस्ट्रेलियात मोठ्या पुरुषाला दिवसाला 30 आणि स्त्रीला 25 ग्रॅम फायबर पुरेसे धरले जाते. 40 ग्रॅम ओट्समधून त्यातले चारेक ग्रॅम मिळतात. बाकीचे डाळी, भाज्या, फळे आणि ज्वारी-बाजरीतून यायचे आहे.

काही पाकिटांच्या यादीत ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकरी रूट फायबर’ दिसते. हे वरून घातलेले फायबर. तक्त्यात ते फायबरमध्येच मोजले जाते, पण ओट्समधल्या बीटा-ग्लुकनची जागा ते घेत नाही आणि काहींना त्याने पोटात गॅस धरतो.

कोलेस्टेरॉलचा दावा याच बीटा-ग्लुकनवर उभा असतो. तो करायचा तर एका सर्व्हमध्ये निदान 1 ग्रॅम बीटा-ग्लुकन हवे. शिवाय दिवसाला 3 ग्रॅम आणि कमी संपृक्त चरबीचा आहार, हेही पाकिटावर सांगावे लागते. ओट्समध्ये ते 4 टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे 3 ग्रॅमसाठी 75 ग्रॅम कोरडे ओट्स हवेत. एका छोट्या पुडीत तेवढे नसतात.

मधुमेहासाठी कार्बोहायड्रेट मोजणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. अमेरिकी लेबलांवर कार्बोहायड्रेटच्या आकड्यात फायबर धरलेले असते, त्यामुळे तिथल्या ॲप्स आणि पुस्तकांत फायबर वजा करायला सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या तक्त्यात फायबरची ओळ असेल, तर ते कार्बोहायड्रेटमधून आधीच वगळलेले असते. पुन्हा वजा केलेत तर हिशेब चुकेल आणि इन्शुलिन घेणाऱ्यांना डोस कमी पडेल. शंका असेल तर आहारतज्ज्ञांना विचारा. जुनाट आजारासाठी जीपींनी उपचार-योजना करून दिली, तर वर्षाला आहारतज्ज्ञांसह अशा सेवांच्या पाच भेटींपर्यंत मेडिकेअरची मदत मिळते.

मसाला ओट्स आणि सुटे ओट्स

वेंटवर्थव्हिल असो वा टारनीट, भारतीय किराणा दुकानात मसाला ओट्स सहज मिळतात. आयात केलेल्या पाकिटालाही इथलेच नियम लागू होतात. इंग्रजी लेबल, इथला तक्ता आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधल्या पुरवठादाराचे नाव-पत्ता त्यावर हवा. बहुधा तो चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. स्टिकर आणि मूळ छपाई यांत आकडे वेगळे दिसले, तर एक आकडा किलोज्यूलचा आणि दुसरा किलोकॅलरीचा नाही ना, ते पाहा. एक किलोकॅलरी म्हणजे 4.2 किलोज्यूल. मसाला ओट्समध्ये साखरेपेक्षा सोडियमची ओळ महत्त्वाची. ‘ईट फॉर हेल्थ’च्या मते 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅमच्या आत बरे, 120 च्या आत उत्तम. साध्या ओट्समध्ये सोडियम जवळजवळ नसते, त्यामुळे आकडा जो काही आहे तो मसाल्याच्या पुडीचा.

मोठ्या बरणीतून सुटे विकणाऱ्या दुकानांत लेबलची सक्ती नाही. पण ॲलर्जीविषयीची माहिती मागितल्यावर दुकानदाराने द्यायलाच हवी. ग्लुटेनचा त्रास असणाऱ्यांनी तर ती मागावीच. ऑस्ट्रेलियात ओट्स असलेल्या पदार्थावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहिण्याची परवानगीच नाही. भारतातून किंवा अमेरिकेतून आलेल्या पाकिटावर ते दिसले, तरी सीलिॲक असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

घरचे मिश्रण

वरचा सगळा हिशेब रोज करायचा नसेल, तर म्यूस्ली घरी करणे सोपे आहे. 400 ग्रॅम ट्रॅडिशनल ओट्स मंद आचेवर कोरडेच खमंग भाजा आणि गार होऊ द्या. त्यात 60 ग्रॅम बदामाचे काप, 40 ग्रॅम भोपळ्याच्या बिया आणि 50 ग्रॅम बेदाणे मिसळा. या 550 ग्रॅममध्ये एकूण साखर 40 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 100 ग्रॅमला सुमारे 7 ग्रॅम, आणि घातलेली शून्य. फायबर 9 ग्रॅमच्या जवळ. बेदाणे दुप्पट केलेत, तर साखर 12 ग्रॅमपर्यंत जाईल. तरीही ती त्या टोस्टेड म्यूस्लीच्या निम्म्याहून थोडीच जास्त आहे.

लेबल खोटे वाटले तर

एफएसएएनझेड नियम लिहिते, पण त्यांची अंमलबजावणी करत नाही. म्हणून तक्रार कोणाकडे करायची ते आधी ठरवा.

- तक्ता नाही, घटकांची यादी नाही, ॲलर्जीचा उल्लेख नाही, अशा चुकांसाठी राज्याची अन्न यंत्रणा. न्यू साउथ वेल्समध्ये एनएसडब्ल्यू फूड ऑथॉरिटी, व्हिक्टोरियात तुमची स्थानिक कौन्सिल.
- चित्र किंवा दावा दिशाभूल करत असेल, तर एसीसीसी. हाइन्झच्या ‘लिटल किड्स श्रेड्झ’ या लहान मुलांच्या खाऊत साठ टक्क्यांहून अधिक साखर होती, पण पाकिटावर ताज्या फळा-भाज्यांची चित्रे होती. एसीसीसी हे प्रकरण फेडरल कोर्टात घेऊन गेली आणि 2018 मध्ये कंपनीला 22.5 लाख डॉलरचा दंड झाला. त्या खाऊतली साखर बव्हंशी फळांच्या कॉन्सन्ट्रेटची होती.

तक्रार करताना पाकीट फेकू नका. पुढची बाजू, तक्ता, घटकांची यादी आणि बॅच क्रमांक यांचे स्वतंत्र फोटो काढा, बिल जोडा आणि कोणते वाक्य कोणत्या आकड्याशी जुळत नाही ते एका ओळीत लिहा.